डिस्चार्ज कार्डावरचे ‘सात दिवस’ कुठल्या तारखेपासून मोजायचे?

मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत डिस्चार्ज कार्ड लिहिणारे डॉक्टर, ते नातेवाइकांच्या हातात देणाऱ्या सिस्टर आणि तळमजल्यावरच्या मेडिकलमधले माझे व्यवसायबंधू यांस,

स. न. वि. वि.

आटपाडी तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. तुमच्याकडून सुटलेला पेशंट दुपारी मिरजेतून निघतो, भिवघाटात गाडी बदलतो आणि दिवेलागणीला गावात पोचतो. पेशंट घरी झोपतो, आणि त्याचं सगळं करणारी बाई किंवा पोरगा कार्ड आणि गोळ्यांची पिशवी घेऊन माझ्या काउंटरशी येतो. “जरा सांगा की, ह्यातली कुठली कवा द्यायची?” तुम्ही लिहिलेलं कार्ड खऱ्या अर्थानं पहिल्यांदा वाचलं जातं ते तिथं. वॉर्डात सिस्टरांनी सांगितलेलं असतं, नाही असं नाही. पण त्या वेळी एका हातात बिलाची पावती, दुसऱ्या हातात पेशंटचा दंड, आणि बाहेर रिक्षावाला थांबलेला. त्या घाईत ऐकलेलं बसस्टँडपर्यंतही टिकत नाही.

आम्ही काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं म्हणणं कळेल. आम्ही डोस ठरवत नाही. कमी करत नाही, वाढवत नाही, ‘एवढं काय लागत नाही’ असंही म्हणत नाही. कार्डावर लिहिलंय तेच घरच्या भाषेत आणि घरच्या घड्याळावर उतरवून देतो. सोपं वाटतं ना? कार्ड एकाच अर्थानं वाचता येत असेल तर ते सोपंच आहे. दोन अर्थ निघाले की आमची पंचाईत होते, कारण त्यातला एक निवडणं म्हणजेच डोस ठरवणं.

जूनमधली एक गोष्ट सविस्तर सांगतो. घरच्यांना विचारून लिहितोय. नाव, गाव आणि तुमच्यापैकी कोणाचा दवाखाना ते लिहीत नाही.

पासष्टीच्या आजी, आधीपासून साखरेचा त्रास, फुप्फुसांना सूज येऊन धाप लागत होती म्हणून दाखल केलेल्या. २ जून २०२५, सोमवार, या दिवशी घरी सोडलं. मुलगा गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूत. आमच्या खानापूर-आटपाडी भागात ही घरोघरची गोष्ट आहे. सोनं-चांदी गाळायला माणसं मुलखाबाहेर आणि घरचं सगळं बायांवर. त्यामुळं कार्ड घेऊन आली ती सून. दहावी झालेली, हुशार, डाळिंबाच्या फवारणीचा हिशेब वहीत ठेवणारी. वाचता येत नाही म्हणून अडली असं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

कार्डावर औषधांच्या पाच ओळी होत्या. त्यातली महत्त्वाची ओळ अशी: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज एकदा सात दिवस, मग ३० सात दिवस, मग २० सात दिवस, मग १० रिव्ह्यूपर्यंत. बाकी सकाळी नाश्त्याआधी पॅन्टोप्राझोल ४०, दुपारी कॅल्शियम, ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि शेवटी ‘साखरेचे नेहमीचे औषध चालू ठेवणे’. खाली लिहिलेलं, ‘दोन आठवड्यांनी छातीच्या ओपीडीत दाखवणे, सोबत रक्तातील साखर, उपाशीपोटी व जेवणानंतर’. ओपीडी सोमवार आणि गुरुवार. (पॅन्टोप्राझोलपुढं ‘एसी’ असं होतं. जेवणाआधी असा त्याचा अर्थ, पण तिनं विचारलं, “दादा, ही थंड खोलीत ठेवायची का?” हसायला आलं, पण चूक तिची नव्हती. ती दोन अक्षरं जगात दुसरीकडं कुठंच जेवणासाठी वापरत नाहीत.)

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ते पायरी-पायरीनं का उतरवतात ते तुम्हाला मी काय सांगणार, पण हे पत्र घरचीही माणसं वाचतील म्हणून दोन वाक्यं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी याच जातीचं द्रव्य रोज स्वतः बनवत असतात. बाहेरून गोळी मिळायला लागली की काही आठवड्यांत त्या आपलं काम मंद करतात. गोळी एकाएकी थांबली तर शरीराकडं ना बाहेरचं राहतं ना घरचं, आणि गळाठा, उलट्या, रक्तदाब खाली जाणं असं होऊ शकतं. म्हणून या औषधात ‘किती’इतकंच ‘कुठल्या दिवशी किती’ आणि ‘कधीपर्यंत’ याला महत्त्व.

आता तेच वाचायला बसलो. पहिली ओळ, ४० मिलिग्रॅम सात दिवस. सात दिवस कुठून? कार्डाच्या वरच्या भागात, दवाखान्यातल्या उपचारांच्या परिच्छेदात लिहिलं होतं की प्रेडनिसोलोन ४० तोंडावाटे ३० मेपासून सुरू. म्हणजे ३०, ३१, १ आणि २ असे चार दिवस वॉर्डात होऊन गेले होते. हे चार धरले तर ४० चा डोस ५ जूनला संपतो आणि ६ तारखेपासून ३० सुरू. घरी आल्यावर पहिल्यापासून मोजले तर ३ ते ९ जून. चार दिवसांचा फरक, आणि तो पहिल्या पायरीवर थांबत नाही, खाली सगळ्या पायऱ्यांना चिकटतो. १६ जूनला, म्हणजे दोन आठवड्यांनी, आजी ओपीडीत येतील तेव्हा एका हिशेबानं त्यांच्या पोटात ३० जात असतील आणि दुसऱ्या हिशेबानं २०. समोर बसलेले डॉक्टर धाप बघून पुढचं ठरवणार, आणि ते ज्या डोसवर ठरवणार तो त्यांनी मनात धरलेला. घरी दिला जाणारा वेगळाच असू शकतो.

मग मी पिशवीतल्या गोळ्या मोजल्या. ही माझी जुनी सवय. वीसच्या पंधरा गोळ्या आणि दहाच्या पंधरा, एकेक पट्टी. मिलिग्रॅममध्ये सगळं मिळून ४५०. मनात हिशेब केला. वॉर्डातले चार दिवस धरले तर ४० चे उरले तीन दिवस, म्हणजे १२०. मग ३० चे सात, २१०. उरले १२०, त्यात २० चे सहा दिवस. पिशवी १८ जूनपर्यंत पुरते, रिव्ह्यूच्या पुढं दोन दिवस. घरी आल्यापासून मोजलं तर पहिल्या आठवड्यातच २८० जातात, उरलेल्या १७० मध्ये ३० चे पाच दिवस निघतात आणि शनिवारी १४ तारखेला पिशवी संपते. रविवारी सकाळी दहाच्या दोन गोळ्या तेवढ्या उरतात. रिव्ह्यू सोमवारी.

खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. पिशवी बोलतेय असं वाटलं. रिव्ह्यूपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या दिल्यात, म्हणजे डॉक्टरांच्या मनात ३० मेपासूनच मोजायचं असणार. किती पटण्यासारखं! काउंटरवर चार गिऱ्हाइकं ताटकळलेली असताना असं काही सुचलं की माणूस खूश होतो आणि कामाला लागतो.

मी फोन लावला. कार्डावर छापलेला नंबर अपॉइंटमेंटचा होता. तिथून रिसेप्शन, रिसेप्शनवरून वॉर्ड, वॉर्डात ड्युटी बदललेली. दोन तास गेले. शेवटी एका निवासी डॉक्टर मॅडमनी फाइल काढून बघितली आणि सांगितलं, “घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ३ जूनपासून सात दिवस.” आणि गोळ्या कमी का? तर मेडिकलवाल्यानं एकेक पट्टी दिली, कारण पट्टी पंधराची येते. त्यात कुणाचा काही विचार नव्हता. माझा सगळा तर्क त्या पंधराच्या पट्टीवर उभा होता.

व्यवसायबंधूंनो, हे तुमच्यासाठी. पट्टी न फोडता देणं सोयीचं असतं, मी पण देतो. पण पायऱ्यांचं औषध देताना पुढच्या भेटीच्या तारखेपर्यंत गोळ्या पुरतात का एवढं मोजा. कमी देत असाल तर पिशवीवर लिहा, ‘१४ तारखेला संपतील, त्याआधी आणा’. गावात अनेक घरांत पिशवी संपणं म्हणजे कोर्स संपणं असंच धरतात. “तेवढ्याच दिल्या हुत्या, संपल्या” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. आणि शेवटच्या दिवशी दोनच गोळ्या उरल्या तर बाई दोनच देते. तिच्या दृष्टीनं तिनं काहीच चुकवलेलं नसतं.

त्याच फोनवर दुसरा प्रश्न विचारला. ‘१० मिलिग्रॅम रिव्ह्यूपर्यंत’ लिहिलंय आणि रिव्ह्यू दोन आठवड्यांनी. पण दहाची पायरी येतेच मुळी तीन आठवड्यांनंतर, २४ जूनला. मग हा कुठला रिव्ह्यू? डॉक्टर मॅडम थांबल्या, म्हणाल्या, “दोन भेटी आहेत. पहिली १६ ला साखरेच्या रिपोर्टसाठी आणि धाप बघायला, दुसरी चार आठवड्यांनी, ३० ला. दहाची गोळी आम्ही सांगेपर्यंत बंद करायची नाही.” दुसरी भेट कार्डावर नव्हतीच. ती त्यांच्या डोक्यात होती, कारण त्यांच्या खात्यात ती नेहमीच असते. सुनेनं कार्डावरून वाचलेलं मात्र असं होतं: रिव्ह्यूपर्यंत म्हणजे १६ ला मिरजेला जाऊन आलं की गोळी संपली.

तिसरा प्रश्न साखरेच्या ‘नेहमीच्या’ औषधाचा. तोवर सून घरी जाऊन आजींचा डबा घेऊन आली होती. पत्र्याचा, बिस्किटांचा. त्यात दोन पट्ट्या. एक नुसतं मेटफॉर्मिन ५००, गेल्या वर्षीचं. दुसरी मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ एकत्र असलेली, दिवाळीनंतर गावच्या डॉक्टरांनी सुरू केलेली. आजी मनाला येईल तशी कुठलीही घ्यायच्या. वॉर्डात विचारलं तेव्हा त्यांनी “साखरेची गोळी घेते” एवढंच सांगितलेलं. आता यातली नेहमीची कोणती? दोन्ही दिल्या तर मेटफॉर्मिन दुप्पट. जुनीच दिली तर एक औषध गळालं. मी दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले, नाव आणि ताकद दिसेल असे. उत्तर आलं: एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, दुसरी अजिबात नको. सुनेच्या देखत ती जुनी पट्टी मी वेगळ्या पाकिटात घातली, वर ‘बंद’ लिहिलं आणि ते पाकीट १६ तारखेला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. फेकायला सांगितलं नाही. फेकलेलं औषध पुढच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

मग समजावणं सुरू झालं. त्याला वीस मिनिटं लागली, त्याआधीच्या खटपटीला अडीच तास.

तुमच्या कार्डावर मी काही लिहीत नाही. पेनचा टिपूसही नाही, कारण ते तुमच्या सहीचं आहे आणि पुढच्या डॉक्टरांना तुमचं काय आणि माझं काय हे वेगळं कळलं पाहिजे. मी वहीचं दुपानी पान घेतो. त्यावर तारखा आणि वार, एका ओळीत एक दिवस, आणि प्रत्येक तारखेपुढं त्या सकाळच्या गोळ्यांची चित्रं. वीसची मोठा गोल, दहाची छोटा गोल. ३ ते ९ जून दोन मोठे. १० ते १६ एक मोठा, एक छोटा. १७ ते २३ एक मोठा. २४ पासून एक छोटा, आणि ३० च्या पुढं पान न संपवता बाण, बाणावर ‘डॉक्टर सांगेपर्यंत’. १६ आणि ३० या ओळींना लाल चौकट आणि शेजारी एसटी. प्रत्येक ओळीत मिलिग्रॅमचा आकडाही लिहितो, कारण उद्या वीसच्या गोळ्या मिळाल्या नाहीत आणि कोणी दहाच्या दिल्या तर चित्र खोटं पडेल, आकडा पडणार नाही. एका गोळीची गोष्ट आणि मिलिग्रॅमची गोष्ट या दोन आहेत हे तिला कळलं की निम्मी लढाई झाली. “गोळ्या तीन झाल्या म्हणून डोस वाढला असं नाही, वहिनी. दहा-दहाच्या तीन म्हणजे तीसच.” तिनं लगेच म्हटलं, “म्हणजे शंभरची नोट आणि पन्नासच्या दोन.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

मग तिनं अशी गोष्ट दाखवली जी माझ्याही लक्षात आली नव्हती. म्हणाली, “चाळीसची गोळी हप्त्यानं बंद होणार, बरोबर? मग ही पण चाळीसची हाय.” हातात पॅन्टोप्राझोल. पट्टीवर ४० छापलेलं. कार्डावर दोन ठिकाणी ४०, एक उतरत जाणारा आणि एक तसाच राहणारा. ती बोलली नसती तर १० जूनला तिनं पोटाची गोळी बंद केली असती आणि कार्डात बघून अगदी बरोबर केलं असं म्हणाली असती. तेव्हापासून मी आकड्यानं गोळी ओळखायला सांगतच नाही. पॅन्टोप्राझोल झालं ‘चहाआधीची’, प्रेडनिसोलोन ‘भाकरीनंतरची’. खरी नावं पट्टीवर आहेतच, तीही वाचून घेतो.

सगळं सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर ‘होय’ असंच असतं, सासरी तर नक्कीच. मी म्हणतो, “उद्या सकाळचं काढून दाखवा.” तिनं पट्टीतून गोळ्या न काढता बोट ठेवून दाखवलं: ही चहाआधी अर्धा तास, ही साखरेची जेवणाआधी, ह्या दोन भाकरीनंतर. मग विचारलं, “१० तारखेला?” तिनं पानाकडं बघून सांगितलं. “१६ ला मिरजेला जाताना सकाळची गोळी घ्यायची का?” इथं अडली. हा प्रश्न मी नेहमी विचारतो, कारण ‘दाखवायला जायचंय म्हणून काही न घेता गेलो’ हे फार चालतं. डॉक्टर मॅडमना विचारून ठेवलं होतं: घ्यायची, नाश्ता करून, रोजच्यासारखी. तसंच एखादा दिवस चुकला तर? त्याच दिवशी आठवली तर खाऊन घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. हेही त्यांचंच उत्तर. मी ते पानाच्या मागं ‘डॉक्टरांनी फोनवर सांगितले, २ जून, रात्री ८’ असं लिहून ठेवलं.

रक्ताच्या तपासणीचंही तारखेचंच कोडं. रिव्ह्यू सोमवारी सकाळी, रविवारी लॅब बंद, म्हणून रक्त शनिवारी १४ ला. उपाशीपोटीचं रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तासांनी, आणि दुसरं नेहमीच्या गोळ्या आणि नेहमीचं जेवण घेऊन, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी. ‘रिपोर्टसह या’ म्हणजे घरून रिपोर्ट घेऊन या, की तिथं आल्यावर काढू, हे कार्डावर स्पष्ट नसेल तर माणसं उपाशी एसटीत बसतात. साखरेच्या पेशंटनं गोळी घेऊन उपाशी तीन तास प्रवास करायचा, हे काय होऊ शकतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी वीसच्या आणखी एका पट्टीची सोय केली. माझ्याकडं त्या कंपनीची नव्हती. कार्डावर एका कंपनीचं नाव लिहिलेलं असताना माझ्याजवळची दुसरी दिली तर कोणाला कळलंही नसतं, औषध तेच. पण लिहिलेल्याच्या जागी दुसऱ्या नावाचं औषध द्यायचं नाही हे आमच्या नियमांत, नियम ६५ मध्ये, लिहिलेलं आहे, आणि या घरात आधीच दोन पट्ट्यांचा घोळ होता. वेगळ्या रंगाची तिसरी पट्टी नको म्हणून विट्याहून तीच मागवली. तुम्ही औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत लिहिलंत तर ही कसरत वाचेल. लिहा असं तुमच्या परिषदेचंही सांगणं आहे.

१४ तारखेला रिपोर्ट आला. उपाशीपोटी ११८, जेवणानंतर २६२. संध्याकाळी सून आली, फोन कानाला, नवरा तिकडून बोलतोय. तिथल्या कुणीतरी सांगितलं होतं की स्टिरॉइडनं साखर वाढते, ती गोळी अर्धी कर. फोन माझ्या हातात दिला. तो म्हणाला, “तुम्ही पण औषधवालेच की. अर्धी चालंल का एवढं सांगा.” त्याचं ऐकलेलं चुकीचं नव्हतं. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोननं साखर चढते आणि ती जास्त करून दुपारनंतर चढते. म्हणून तर उपाशीपोटीचा आकडा बरा दिसत होता आणि जेवणानंतरचा नाही, म्हणून तर डॉक्टरांनी दोन्ही मागितले होते. एवढं मी त्याला सांगितलं. मात्र अर्धी करू का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. वाढलेली साखर एका बाजूला, फुप्फुसांची सूज दुसऱ्या बाजूला, आणि त्यातला तोल ज्यानं आजींची छाती तपासलीय त्यालाच ठरवता येतो. मी रिपोर्टचा फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं, “काहीही बदलू नका, सोमवारी ठरल्याप्रमाणे या. फार तहान-लघवी, गुंगी, उलट्या, काळी शी, ताप किंवा धाप वाढली तर सोमवारची वाट बघू नका.” मी तेही पानावर उतरवलं. रविवारी मुलाचा पुन्हा फोन आला असणार. पण सोमवारच्या ओळीपर्यंत पानावरच्या सगळ्या चौकोनांत सुनेच्या खुणा होत्या, एक मोठा, एक छोटा.

सोमवारी डॉक्टरांनी साखरेच्या औषधात बदल केला, स्टिरॉइडचा क्रम तसाच ठेवला. तो बदल कागदावर होता, सहीसकट होता. मी साखरेच्या बदललेल्या ओळींसकट सगळं नव्या पानावर उतरवलं, जुनं पान फाडून टाकलं. दोन पानं घरात असली की चुकीचंच पान भिंतीवर लागतं.

आता मागणं. तुमची घाई मी समजू शकतो. रात्रभर ड्युटी करून सकाळी दहा डिस्चार्ज लिहिणारा निवासी डॉक्टर, त्याला मी आणखी एक फॉर्म भर असं म्हणत नाही. ‘सात दिवस’ लिहिता तिथं ‘३ ते ९ जून’ लिहा. शाई तेवढीच लागते. ‘रिव्ह्यूपर्यंत’च्या जागी तारीख आणि वार, आणि भेटी दोन असतील तर दोन्ही. ‘नेहमीचे औषध’ हे शब्द लिहायचे झाले तर आधी नातेवाइकाला डबा आणायला सांगा. दाखल होताना आणलेला नसेल तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरून फोटो मागवा. आणि कोणतं चालू, कोणतं बदललं, कोणतं बंद, ते नावानिशी लिहा. ‘बंद’ हा शब्द कार्डांवर मला क्वचितच दिसतो. जे लिहिलेलं नाही ते बंद, असं तुम्ही धरता. घरी मात्र जे डब्यात आहे ते चालू असतं.

सिस्टर, तुम्हाला एकच विनंती. पिशवी देताना पेशंटशी बोलू नका, गोळ्या देणार आहे तिच्याशी बोला, आणि तिच्या हातून उद्या सकाळचं काढून घ्या. बहुतेक वेळा बिल भरणारा पुरुष काउंटरवर असतो आणि गोळ्या देणारी बाई जिन्याशी पेशंटला धरून उभी असते. सांगणं त्याला होतं, करणं तिला पडतं.

आणि कार्डावर असा नंबर छापा की तिथं संध्याकाळी सहा ते नऊ कोणीतरी फाइल बघू शकेल. खेड्यात कार्ड वाचलं जातं ते त्याच वेळी. त्या दिवशी दोन तासांनी का होईना, मला माणूस मिळाला. दर वेळी मिळत नाही, आणि मग मी काय करतो तर पान अर्धवट ठेवून “उद्या सकाळी या” म्हणतो. उद्या सकाळचा डोस त्याआधीच असतो.

३० जूनला आजी दुसऱ्या भेटीला जाऊन आल्या. धाप पुष्कळ कमी, चेहरा जरा सुजलेला, पण अंगणात चालत होत्या. सून संध्याकाळी नवीन कार्ड घेऊन आली. प्रेडनिसोलोन १० रोज एकदा, आणि खाली ‘महिन्याने दाखवणे’. महिन्यानं म्हणजे ३० जुलै, तो येतो बुधवारी, ओपीडी नाही. मग सोमवार २८ की गुरुवार ३१? गोळ्या पिशवीत पंधरा. मी फोन लावलाय, रिंग वाजतेय.

कळावे,
आटपाडी तालुक्यातला एक औषध दुकानदार